ठाण्यात फ्रीलान्स अकाउंट्स : ९० दिवसांत पैसे देणारे पहिले ३ क्लायंट, प्लॅन बघून सांगा

खाडीकाठची | १ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

कळव्याला राहते. बीकॉम, नऊ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. टॅली, जीएसटी, बँक मिळवणी, ऑडिटच्या वेळची धावपळ सगळं केलंय. कंपनी भिवंडीच्या पुढे गेली, जाण्यायेण्यात साडेतीन तास जायला लागले, मुलगी चौथीत, शेवटी जूनमध्ये सोडली. आता घरून छोट्या धंदेवाल्यांचे अकाउंट्स लिहायचे असं ठरवलंय. बाजूला टाकलेले पैसे ऑक्टोबरअखेर पुरतील, म्हणून ९० दिवस.

प्लॅन असा : पहिले ३० दिवस वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टा पेज आणि एक्सेलचा एक कोर्स. पुढचे ३० दिवस जाहिरात, सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज. शेवटच्या ३० दिवसांत ३ क्लायंट, प्रत्येकी महिना ३ हजार.

जमेल का? काही सुटतंय का? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

मुलुंडपार | १ ऑगस्ट, रात्री १०:५५

पयला! वाचून मग लिहितो.

तिरकस_तुर्भे | १ ऑगस्ट, रात्री ११:२०

प्लॅन चांगला आहे पण पाया राहिला. आधी जीएसटी नंबर काढा, नाहीतर बिल कसं देणार? मग उद्यम रजिस्ट्रेशन, मग करंट अकाउंट. उद्यम केलं की ४५ दिवसांत पैसे देणं समोरच्याला कायद्यानेच भाग आहे, वसुलीचं टेन्शन संपलं. माझ्या मेव्हण्याने सगळं रीतसर केलंय.

निवृत्त_नौपाडा | २ ऑगस्ट, सकाळी ६:१०

ताई, नऊ वर्षांचा अनुभव असताना नोकरी का सोडलीत? आमच्या ओळखीत गोखले रोडला एक ऑफिस आहे, त्यांना अकाउंटंट हवा आहे, विचारू का? आणि एक शंका, माझं पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून रिटर्न भरायचं राहिलं आहे, तुम्ही भरता का?

खाडीकाठची | २ ऑगस्ट, सकाळी ९:०५

काका, नोकरी नकोय म्हणून तर धागा काढला :) रिटर्नचं व्यनि करते.

जुनी_खतावणी | २ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी हेच काम १४ वर्षं करतोय, आधी ठाण्यात, आता घणसोलीतून. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिले ३० दिवस वेबसाइट-लोगो म्हणजे पहिले ३० दिवस कोणाशी न बोलण्याची सोय. मीही तेच केलं होतं. माझ्या वेबसाइटवर सहा महिन्यांत एकच फोन आला, तोही वेबसाइट बनवून देणाऱ्याचा, नूतनीकरणाच्या पैशांसाठी.

आपल्या धंद्यात माणूस आपली वही अनोळखी बाईमाणसाच्या किंवा बाप्याच्या हातात देत नाही. वहीत त्याचं सगळं उघडं असतं. त्यामुळे पहिले तीन क्लायंट त्यांच्यातूनच येतात ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय. आज रात्री वही घ्या आणि ४० नावं लिहा. जुन्या कंपनीला माल देणारे, ट्रान्सपोर्टवाला, कुरियरवाला, टॅली बसवून देणारा, नोकरी बदललेले सहकारी, ऑडिटला यायची ती आर्टिकलची पोरं जी आता सीए झाली असतील. नऊ वर्षांत तुम्ही ज्यांना 'तुमचं बिल चुकलंय, बदलून पाठवा' असं फोनवर सांगितलंत ती सगळी माणसं तुम्हाला ओळखतात. जुन्या कंपनीचा डेटा मात्र हलवायचा नाही, फक्त तुमच्या फोनमधल्या ओळखी.

दुसरं, कधी फोन करायचा. तुम्हाला माहीतच आहे पण विकताना आपण विसरतो. ११ पर्यंत आर-वनची घाई, १४ ला टू-बी येतं, २० पर्यंत थ्री-बी. या दिवसांत मालक आणि सीए दोघंही चिडलेले. आपला हंगाम २२ ते महिनाअखेर, कारण तेव्हा मागच्या वीस दिवसांचा मनस्ताप ताजा असतो आणि हात मोकळे असतात. म्हणजे ९० दिवसांत तुम्हाला बोलायला असे तीनच आठवडे मिळतात. वेबसाइट करत बसलात तर त्यातला एक गेला.

तिसरं, काय विकायचं. 'मी अकाउंट्स बघते' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'आमचे सीए बघतात.' त्यापेक्षा एक छोटं, हातात धरता येईल असं काम विका. माझं वापरून बघितलेलं : एका महिन्याच्या खरेदीची टू-बीशी मिळवणी, एक पानी रिपोर्ट, साडेतीन हजार, तीन दिवसांत. मालकाला रिपोर्टमध्ये रुपये दिसतात. मग महिन्याचं काम तोच काढतो.

मुलुंडपार | २ ऑगस्ट, दुपारी ३:५२

वाचलं. आता मलाच अकाउंटंट व्हावंसं वाटायला लागलंय.

खारघरची_रेष | २ ऑगस्ट, संध्या. ७:१५

मी चित्रं काढते, मुलांची पुस्तकं वगैरे, त्यामुळे टू-बी थ्री-बी काही कळलं नाही, बिल्डिंगचे विंग वाटले. पण ४० नावांचं अगदी खरं. मी दोन वर्षं इन्स्टावर रोज चित्र टाकत होते, लाइक भरपूर, पैसे शून्य, आणि पहिलं पैशाचं काम मिळालं ते जुन्या शाळेतल्या बाईंकडून, त्यांच्या सुनेचं प्रकाशन होतं. फक्त माझ्या धंद्यात इन्स्टा लागतंच, चित्र दाखवावं लागतं. तुमच्यात दाखवायचं काय, लेजर?

एक विचारू का, हे साडेतीन हजार का? पहिलं काम फुकट करून दिलं तर विश्वास बसेल ना? मी तसंच केलं होतं.

जुनी_खतावणी | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

रेषाताई, विंग नव्हेत, जीएसटीचे फॉर्म : आर-वन म्हणजे आपल्या विक्रीची यादी, टू-बी म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, थ्री-बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. खरेदीवर दिलेला कर त्यात वजा करून मिळतो, ते क्रेडिट. आता तुमचा प्रश्न, फुकटचं काम सांगितलं की मालक डेटाच पाठवत नाही. 'बघू, पाठवतो' करत महिना जातो. हजार रुपये जरी आगाऊ घेतले तरी दुसऱ्या दिवशी बँक स्टेटमेंट येतं, कारण आता त्याचे पैसे अडकलेले असतात. मी निम्मे आधी घेतो.

तिरकसराव, जीएसटी नंबरचं अर्धवट आहे. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नंबर लागतो. तीन क्लायंटवाल्या बाईंना कशाला? साधं बिल चालतं, फक्त त्यावर जीएसटी लावायचा नाही. नंबर काढला की काम नसलं तरी निल रिटर्न भरत बसा. उद्यम फुकट आहे, काढून ठेवा. ४५ दिवसांचा कायदा खरा आहे, लेखी करार नसेल तर १५च दिवस. पण साडेतीन हजारांसाठी तुम्ही तक्रार घेऊन जाणार आहात का? आगाऊ घेणं हाच आपला कायदा.

तिरकस_तुर्भे | २ ऑगस्ट, रात्री १०:०१

मेव्हण्याने काढलाय हो नंबर. एवढंच म्हणायचं होतं.

ऐरोली_लोकल | ३ ऑगस्ट, सकाळी ११:२५

टॅलीचं लायसन्स कोण घेणार? माझ्या मित्राने 'फुकटचं' टॅली टाकलं आणि क्लायंटचा डेटा उघडलाच नाही. एज्युकेशनल मोडमध्ये करावं तर १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्र्या घेतं. त्याच्या वहीत अख्ख्या महिन्याची खरेदी २ तारखेला झालेली, मालक म्हणाला एवढा माल ठेवला कुठे?

जुनी_खतावणी | ३ ऑगस्ट, दुपारी १:१०

=)) सुरुवातीला लायसन्स घेऊ नका. क्लायंटकडे टॅली असतंच, एनीडेस्कने त्याच्या मशीनवर काम करा. डेटा त्याच्याकडेच राहतो, त्यालाही बरं वाटतं. संध्याकाळी त्याचा पोरगा कॉम्प्युटर बंद करून जातो ही एकच कटकट.

खाडीकाठची | २६ ऑगस्ट, रात्री ११:१८

दिवस २६. वेबसाइट रद्द केली, कार्ड मात्र छापली, २०० आली, १९४ घरात आहेत.

नावं ४० नाही झाली, ३३ झाली. त्यातल्या १९ जणांशी बोलले. पहिला आपटीबार ऐका. तलावपाळीजवळ नाश्त्याचं दुकान आहे, मालक माझ्या दिराचे मित्र. बशीत साबुदाणा वडा, समोर मी, आणि मी जोरात टू-बीचं सांगतेय, तुमचं क्रेडिट सुटत असेल, रिपोर्ट काढून देते वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, वहिनी, आम्ही ५ टक्केवाले, आम्हाला क्रेडिट मिळतच नाही, सुटणार काय? एवढी वर्षं जीएसटी केलाय मी, आणि हे विसरले. वड्याचे पैसेही घेतले नाहीत त्यांनी, ते जास्त लागलं.

दुसरं बरं झालं. आमच्या जुन्या कंपनीला प्लास्टिकचे पार्ट द्यायचे ते मोल्डिंगवाले, वागळेतच गाळा आहे. १८०० आगाऊ दिले. जुलैची मिळवणी केली. वहीत खरेदीची ६१ बिलं, टू-बीत ६४, जुळली ५४. वहीत आहेत पण टू-बीत नाहीत अशी ७, उलटी १०. याचं नेमकं कसं मांडू ते कळत नाहीये, मालक म्हणतात मला आकडा सांगा.

जुनी_खतावणी | २७ ऑगस्ट, सकाळी ८:३०

हॉटेलवाल्याची चूक मीही केलीय, कंपोझिशनवाल्या किराणा दुकानात. पहिला प्रश्न नेहमी हाच, तुम्ही क्रेडिट घेता का?

आता ती ७ आणि १० फोडून सांगा. कशामुळे ते कळल्याशिवाय आकडा देऊ नका.

खाडीकाठची | २७ ऑगस्ट, दुपारी २:४५

फोडलं. वहीतल्या ७ पैकी ४ एकाच डाय बनवणाऱ्याची, तो तीन महिन्यांनी रिटर्न भरतो म्हणून अजून दिसत नाहीत. २ बिलांचे नंबर वहीत चुकीचे टाइप झालेत, शून्याच्या जागी ओ. १ बिल पुरवठादाराने यांच्या जुन्या भागीदारी फर्मच्या नंबरवर टाकलंय.

उलट्या १० पैकी २ तीच शून्य-ओवाली. ४ बँक चार्जेस आणि कुरियरची, ती कोणी कधी टाकतच नाही, स्टेटमेंटमधून एकरकमी खर्च लिहितात. १ बिल यांचं नाहीच, कोणीतरी चुकीचा नंबर मारलाय. आणि ३ बिलं मशीनच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये सापडली, हायड्रॉलिक ऑइल आणि एक मोटर रिपेअर, सुपरवायझरने ठेवली आणि विसरला. तेलाचे डाग पडलेत त्यावर.

ड्रॉवरवाल्या तिन्हीचा कर १०,२६०, बँक-कुरियरचा १,१४०. म्हणजे ११,४०० बुडाले असं सांगू ना?

जुनी_खतावणी | २७ ऑगस्ट, संध्या. ५:२०

काम झकास. पण 'बुडाले' म्हणू नका, तिथेच घसराल. चालू वर्षाचं क्रेडिट आहे, पुढच्या थ्री-बीत घेता येईल, फक्त पैसे उशिरा मिळतील. त्यांच्या सीएने हे एका वाक्यात सांगितलं की तुमचा रिपोर्ट रद्दी. खरं बुडतं ते मागच्या आर्थिक वर्षाचं. त्याचं दार ३० नोव्हेंबरला बंद होतं, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्याच दिवशी. म्हणजे प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या थ्री-बीपर्यंत. तेव्हा मालकाला असं सांगा, एका महिन्यात ड्रॉवरमधून दहा हजार निघाले, मागच्या वर्षाचे बारा महिने बघू का? हा प्रश्न ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच विचारता येतो, तुमचे ९० दिवस नेमके त्यावर आलेत, नशीब समजा.

जुन्या फर्मच्या नंबरवालं बिल पुरवठादाराकडून दुरुस्त करून घ्यायला लावा. ते तुम्ही स्वतः फोन करून करून दिलंत तर मालक तुम्हाला सोडणार नाही.

मुलुंडपार | २७ ऑगस्ट, संध्या. ५:३३

शून्य आणि ओ वर चार माणसं एवढी चर्चा करतायत आणि मी वाचतोय. माझं काय चुकतंय आयुष्यात.

सीए_पण_माणूस | २७ ऑगस्ट, रात्री ११:५०

दुसरी बाजू मांडतो. मी नवी मुंबईत प्रॅक्टिस करतो. असे 'रिपोर्ट' घेऊन मालक आमच्याकडे येतात आणि म्हणतात तुम्ही काय केलंत वर्षभर? अहो, बिल ड्रॉवरमध्ये असेल तर आम्हाला स्वप्न पडणार का? आम्हाला महिन्याला दोन हजार देतात, त्यात रिटर्न भरायचं की त्यांच्या गाळ्यात जाऊन ड्रॉवर उघडायचे?

ताई, रिपोर्ट मालकाला देण्याआधी त्यांच्या सीएला फोन करा. दुसरं, थेट क्लायंट शोधण्यापेक्षा आमच्यासारख्यांकडून काम घ्या. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत असते, सध्या प्रत्येक ऑफिसात लिहिणारे हात कमी आहेत. उद्या फोन केलात तर परवा काम मिळेल.

जुनी_खतावणी | २८ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सीएला आधी फोन करा हे शंभर टक्के पटलं. दुसरं निम्मं पटलं. सीए ऑफिसचं काम लवकर मिळतं, पण दर तोच ठरवतो, आणि क्लायंट त्याचाच राहतो. तीनमधला एक असा असू द्या, तिन्ही नको.

ऐरोली_लोकल | २८ ऑगस्ट, सकाळी १०:४०

मला उलट वाटतं. माझी बायको चार वर्षं एकाच सीएकडून काम घेते, वसुलीची कटकट नाही, दर महिन्याला ७ तारखेला पैसे. स्वतःचा क्लायंट म्हणजे रात्री ११ ला फोन, 'ओटीपी आलाय, सांगू का?'

खाडीकाठची | ३० सप्टेंबर, रात्री १२:२०

दिवस ६१. आज ऑडिटचं शेवटचं काम पाठवलं, डोळे उघडत नाहीयेत, पण लिहिते नाहीतर राहून जाईल.

मोल्डिंगवाल्यांनी मागचं पूर्ण वर्ष काढायला सांगितलं, १५ हजार ठरले, निम्मे आले. हा क्लायंट एक. पंचपाखाडीतल्या एका सीए ऑफिसचे तीन क्लायंट लिहितेय, प्रत्येकी १८०० देतात, हा दोन धरायचा का ते तुम्ही ठरवा.

आता फसलेलं. एक कपड्यांचे होलसेलर, ओळखीतूनच आले. मी सीएला फोन केला नाही, दोनदा लागला नाही म्हणून सोडून दिलं. रिपोर्टमध्ये लिहिलं की अमुक बिलांचं क्रेडिट दोनदा घेतलं गेलंय. खरंच घेतलं होतं. मालकाने रिपोर्ट थेट सीएला फॉरवर्ड केला. सीए त्यांचे साडू निघाले. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं, उरलेले १७५० गेले ते गेलेच.

आणि एक प्रश्न, दर. महिन्याच्या कामाला ३ हजार सांगत होते, मोल्डिंगवाले ऑक्टोबरपासून महिन्याचं पण द्या म्हणतायत. ३ सांगू?

खारघरची_रेष | ३० सप्टेंबर, सकाळी ८:०५

साडू!! अरे देवा.

सीए_पण_माणूस | ३० सप्टेंबर, सकाळी ८:३०

मी काय म्हटलं होतं. (ऑडिट संपलं, झोपायला जातोय, म्हणून एवढंच.)

जुनी_खतावणी | ३० सप्टेंबर, सकाळी १०:५०

दोनदा घेतलेलं क्रेडिट तुम्ही दाखवलंत ते बरोबरच, नाहीतर पुढे व्याजासकट मालकाच्या गळ्यात आलं असतं. फक्त ते कागदावर लिहायच्या आधी तोंडी सांगायचं असतं. सीएला म्हणायचं, सर मला हे असं दिसतंय, माझं काही चुकतंय का? नव्वद टक्के वेळा तो स्वतःच दुरुस्त करतो आणि पुढचं काम तुम्हाला पाठवतो.

दर हवेत सांगू नका, व्हाउचर मोजा. मोल्डिंगवाल्यांची महिन्याला खरेदी, विक्री, बँक, रोख मिळून किती?

खाडीकाठची | ३० सप्टेंबर, दुपारी १:००

साधारण २४०.

जुनी_खतावणी | ३० सप्टेंबर, दुपारी १:४०

तासाला ४० नीट होतात, म्हणजे ६ तास. बँक मिळवणी २. टू-बी आणि पुरवठादारांना फोन २. मालकाचे फोन, फोटोत आलेली आडवी बिलं सरळ करणं, याचे २ धराच, ते कोणी धरत नाही. झाले १२ तास. तासाला ५०० लावा, ६ हजार. ३ हजार म्हणजे तासाला अडीचशे, त्यात महिनाभर ११ आणि २० तारखेची टांगती तलवार. ६ सांगा, ५ वर या, पण २५० व्हाउचरपर्यंतच असं लिहून घ्या. दिवाळीच्या महिन्यात ४०० येतात.

तिरकस_तुर्भे | ३० सप्टेंबर, दुपारी २:२०

तासाच्या हिशोबाने कोणी मराठी माणूस देत नाही हो, मालक म्हणतो अकाउंटंट पोरगा १५ हजारात दिवसभर बसतो. बाजारभाव सांगा, हिशोब नाही.

जुनी_खतावणी | ३० सप्टेंबर, दुपारी २:३५

हिशोब आपल्यासाठी, मालकाला फक्त ६ सांगायचे. कुठल्या आकड्याखाली उठून यायचं ते स्वतःला माहीत असावं एवढंच. आणि १५ हजाराचा पोरगा मार्चमध्ये सोडून जातो, ते मालकालाही ठाऊक असतं.

ऐरोली_लोकल | ३० सप्टेंबर, दुपारी ३:१०

तिरकसरावांचंही खरंय थोडं. ऐरोलीत ४ च्या वर कोणी देत नाही, बायकोने बघितलंय. ठाण्यात पाणी वेगळं असेल.

मुलुंडपार | ३० सप्टेंबर, दुपारी ३:१५

ठाण्यात तलाव आहेत.

खाडीकाठची | २८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

दिवस ८९. उद्या संपतायत म्हणून हिशोब.

मोल्डिंगवाले साडेपाचवर आले, २५० व्हाउचरची अट लिहून घेतली. ती अट त्यांनी वाचली नाही असं मला वाटतं, बघू. मागच्या वर्षाच्या बारा महिन्यांत ३८ हजारांचं सुटलेलं क्रेडिट निघालं. सगळं घेता नाही आलं. दोन पुरवठादारांनी रिटर्नच भरलेलं नाही, एकाचा नंबरच रद्द झालाय. जे टू-बीत दिसतंय तेवढं, २६ हजार, सप्टेंबरच्या थ्री-बीत गेलं. मालकांनी तो आकडा पांढऱ्या बोर्डावर लिहून ठेवलाय, सुपरवायझरच्या समोर.

सीए ऑफिस चालू आहे, तीनचे चार झाले.

तिसऱ्याची गंमत. १९४ कार्डांतलं एक कामाला आलं. जुन्या कंपनीत माल न्यायला यायचा तो टेम्पोवाला दादा रेल्वेच्या पुलावर भेटला, दिलं सहज. त्याच्या शेठचं रबाळ्याला पॅकेजिंगचं युनिट आहे. २३ तारखेला शेठचा फोन आला, काय करता? मी आधी विचारलं, क्रेडिट घेता का, मग विचारलं, सीएंचा नंबर द्या, आधी त्यांच्याशी बोलते. शेठ म्हणाले असं पहिल्यांदाच कोणी विचारलं. निम्मे आगाऊ आले, पण रोख, आणि म्हणाले बिल नको.

हा तिसरा धरायचा का?

जुनी_खतावणी | २८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

बिल द्याच, त्यांना नको असलं तरी. तुमच्या वहीत उत्पन्न म्हणून दिसायला हवं. घेतलं नाही तर व्हॉट्सॅपवर पाठवून ठेवा. आणि दुसऱ्याच्या वह्या नीट लावणाऱ्या बाईने स्वतःचं पहिलं काम बिनबिलाचं केलं तर तो शेठ तुमच्याकडून पुढे काय काय लिहून घेईल विचार करा.

ऐरोली_लोकल | २८ ऑक्टोबर, रात्री १०:४४

पैसे आले म्हणजे क्लायंट. तीन झाले. सीए ऑफिसही धरतो मी, बायकोच्या वतीने.

तिरकस_तुर्भे | २८ ऑक्टोबर, रात्री १०:५०

माझ्या हिशोबाने अडीच. सीए ऑफिस अर्धा.

खारघरची_रेष | २८ ऑक्टोबर, रात्री ११:०२

तीन हो तीन! माझंही खातं बघाल का, एका प्रकाशकाने टीडीएस कापलाय म्हणतो आणि कुठे दिसत नाही.

खाडीकाठची | २८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

रेषाताई, २२ तारखेनंतर. सध्या बिल बनवतेय रबाळेवाल्यांचं, नंबर ००३ टाकलाय, शून्य टाकलंय, ओ नाही.

निवृत्त_नौपाडा | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

ताई, अभिनंदन. माझं रिटर्न अजून राहिलंच आहे.